सुएझ 1956: लढाई जिंकत होते, मग 37 किलोमीटरवर का थांबले?

6 नोव्हेंबर 1956 च्या रात्री ब्रिटिश पॅराट्रूपर आणि रणगाडे सुएझ कालव्याच्या काठाने दक्षिणेला निघाले होते. पोर्ट सईद शहर त्यांच्या हातात होतं, समोरून फारसा प्रतिकार नव्हता, इजिप्तची विमानं आधीच जमिनीवर जाळून टाकलेली. कालवा एकूण 160 किलोमीटरच्या आसपास, आणि हे लोक एल कॅप नावाच्या ठिकाणापर्यंत, म्हणजे साधारण 37 किलोमीटर आत पोचले तेवढ्यात लंडनहून हुकूम आला, थांबा. मध्यरात्रीपासून युद्धबंदी. सैन्य हरलेलं नव्हतं, दारूगोळाही संपलेला नव्हता. तरी थांबले, आणि पुढच्या सात आठवड्यांत काहीही न मिळवता परत गेले.

ह्या प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर ह्याच्या भाषणापासून सुरुवात करतात आणि ब्रिटनचा पंतप्रधान ईडन ह्याच्या राजीनाम्यावर संपवतात. मला मात्र कायम ह्या 37 किलोमीटरचंच कोडं जास्त महत्त्वाचं वाटत आलंय. कारण ब्रिटन आणि फ्रान्स कमजोर झालेत हे 1956 च्या आधीही खरं होतं, फक्त ते कोणाला उघड दिसत नव्हतं, त्यांना स्वतःलासुद्धा. ते नेमकं कुठल्या दोन जागी दिसलं तेवढंच इथे मांडतो. पहिली जागा म्हणजे कालव्यातून जहाज नेणाऱ्या पायलटची खुर्ची आणि दुसरी म्हणजे बँक ऑफ इंग्लंडची तिजोरी.

कालवा घेतला म्हणजे काय केलं

थोडं मागे जाऊ. कालवा 17 नोव्हेंबर 1869 ला सुरू झाला. फ्रेंच माणूस फर्डिनांड द लेसेप्स ह्याने कंपनी काढली, खोदकाम इजिप्तच्या शेतकऱ्यांनी केलं, सुरुवातीची बरीच वर्षं तर वेठबिगारीने. कंपनीला कालवा सुरू झाल्यापासून 99 वर्षांचा करार मिळाला, म्हणजे मुदत संपणार 1968 ला. इजिप्तच्या खेडिव्हकडे म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडे 44 टक्के शेअर होते, पण तो कर्जात इतका बुडाला की 1875 मध्ये ते सगळे शेअर त्याने ब्रिटिश सरकारला 40 लाख पौंडांना विकून टाकले. 1882 मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये घुसली आणि कालव्याच्या पट्ट्यातून ती शेवटची बाहेर पडली ती थेट जून 1956 मध्ये. म्हणजे 74 वर्षं.

पुढचा घटनाक्रम फार वेगाने झाला. नासरला आस्वानला नाईलवर मोठं धरण बांधायचं होतं. अमेरिका 5.6 कोटी डॉलर, ब्रिटन 1.4 कोटी आणि वर्ल्ड बँक 20 कोटी डॉलर कर्ज देणार असं पहिल्या टप्प्याचं ठरत आलं होतं. पण नासरने 1955 मध्ये चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रं घेतली, मे 1956 मध्ये कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली, आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी 19 जुलैला पैसे देणार नाही असं सरळ सांगून टाकलं. नासर त्या वेळी युगोस्लाव्हियात ब्रिओनीला टिटो आणि नेहरूंबरोबर होता, बातमी आली तेव्हा तो आणि नेहरू एकाच विमानाने कैरोला परतत होते. नेहरूंना मात्र पुढे काय होणार ह्याचा पत्ता नव्हता आणि कालवा असा अचानक घेण्याची पद्धत त्यांना आवडलीही नाही, हक्क इजिप्तचा आहे पण हे असं करायला नको होतं अशी त्यांची साधारण भूमिका होती.

26 जुलैला अलेक्झांड्रियाच्या चौकात नासरचं भाषण. महमूद युनुस नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या हाताखाली काही टीम्स इस्माईलिया, पोर्ट सईद आणि सुएझच्या ऑफिसांजवळ रेडिओ लावून बसल्या होत्या. भाषणात ‘द लेसेप्स’ हे नाव आलं की आत शिरायचं असं ठरलेलं. कुणाच्या कानातून सुटू नये म्हणून नासरने ते नाव पुन्हापुन्हा घेतलं. भाषण संपायच्या आत कंपनीची ऑफिसं ताब्यात आलेली होती. त्याच भाषणात त्याने हिशोब सांगितला, कंपनीचं वर्षाचं उत्पन्न 3.5 कोटी पौंड आणि त्यातून इजिप्तला मिळतात 10 लाख, आता ह्या पैशातून आपण आपलं धरण बांधू.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नासरने कालव्याची जमीन ‘बळकावली’ नव्हती, ती इजिप्तचीच होती. त्याने ताब्यात घेतली ती कंपनी, जिचं हेडऑफिस पॅरिसला असलं तरी ती इजिप्तच्या कायद्याखाली नोंदलेली होती. शेअरहोल्डरांना पॅरिसच्या शेअरबाजारात आदल्या दिवशी जो बंद भाव होता त्याने पैसे देऊ असंही कायद्यातच लिहिलं होतं. ब्रिटिश मंत्रिमंडळ 27 जुलैला बसलं तेव्हा त्यांनी आपापसात हे कबूल केलं की कायद्याच्या बाजूने आपली केस कच्ची आहे, कारण तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर हे शेअर विकत घेण्यापलीकडे फार काही नाही. मग भर कशावर द्यायचा, तर कालवा आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा आहे आणि इजिप्तच्या लोकांना तो चालवता येणार नाही, ह्यावर.

नासरच्या बाजूनेही सगळं स्वच्छ नव्हतं हे सांगायला हवं. 1888 चा करार म्हणतो कालवा सगळ्यांच्या जहाजांना युद्धात आणि शांततेत खुला राहील, पण इस्रायलच्या जहाजांना इजिप्त सोडत नव्हता आणि युनोच्या सुरक्षा परिषदेने 1951 मध्ये सांगूनही सोडत नव्हता. शिवाय राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात काम सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगाची धमकी होती. लंडनने हे दोन्ही मुद्दे भरपूर वापरले आणि ते वापरण्यासारखे होतेच.

पायलट गेले, जहाजं चालू राहिली

सुएझमध्ये पनामासारखे दरवाजे नाहीत, पाणी सपाट आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की सोपं काम असेल. तसं नाही. तेव्हाचा कालवा बहुतेक ठिकाणी इतका अरुंद की दोन मोठी जहाजं समोरासमोर जाऊ शकत नव्हती, म्हणून जहाजांचे ताफे करून पाठवायचे. एक ताफा उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, आणि एकमेकांना ओलांडायचं ते फक्त ग्रेट बिटर लेकमध्ये किंवा बल्लाहच्या बायपासला. जहाज अरुंद पाण्यातून जाताना काठाकडे ओढलं जातं, वेग थोडा जास्त झाला की मागचा भाग वाकडा होतो, आणि वाळवंटातून आडवा वारा आला की रिकामा टँकर सरळ ठेवणं अवघड. एक जहाज आडवं अडकलं की मागचा सगळा ताफा थांबला. म्हणून प्रत्येक जहाजावर कंपनीचा पायलट चढायचा आणि इस्माईलियाला तो उतरून दुसरा चढायचा.

असे पायलट 200 च्या आसपास होते आणि त्यातले इजिप्शियन जेमतेम 40. बाकी बहुतेक ब्रिटिश आणि फ्रेंच, शिवाय इतर बऱ्याच देशांचे. कंपनीचं म्हणणं असं की ह्या कामाला वर्षानुवर्षांचा समुद्राचा अनुभव लागतो आणि तो इजिप्तकडे नाही. लंडन आणि पॅरिसमध्ये ही गोष्ट इतकी पक्की धरली होती की सगळा डाव त्यावरच रचला, परदेशी पायलट एका रात्रीत काढून घ्यायचे, कालवा तुंबेल, जगभरचे जहाजमालक ओरडतील, आणि मग हस्तक्षेपाला कारण मिळेल. त्याच दिवसांत मुद्दाम जास्त जहाजं कालव्याच्या तोंडाशी आणून गर्दी करायची असाही बेत होता.

14 सप्टेंबरच्या मध्यरात्री पायलट गेले. नासरने त्यांना अडवलं नाही, जाऊ दिलं, म्हणजे ती तुरुंगाची धमकीही गळून पडली. आणि 15 तारखेला सकाळी ताफे नेहमीसारखे निघाले. राहिलेले इजिप्शियन आणि काही ग्रीक पायलट दुप्पट पाळ्या करत होते, झोप पुरी नव्हती, पण जहाजं जात होती. युनुसने आधीच जगभर जाहिराती देऊन माणसं शोधायला सुरुवात केलेली, ती येत गेली तसा ताण कमी झाला. दिवस गेले, आठवडे गेले, कालवा तुंबला नाही.

ह्याच काळात आणखी एक गोष्ट होत होती. ब्रिटिश आणि फ्रेंच जहाजं टोल नव्या इजिप्शियन प्राधिकरणाला न देता लंडन आणि पॅरिसच्या जुन्या खात्यांत भरत होती. इजिप्तने तरीही त्यांना जाऊ दिलं. फुकट जाऊ दिलं असंच म्हणा ना. एवढा संयम ठेवल्यावर कालवा बंद पडेल ही भीती जगाला दाखवायला काही उरलं नाही.

मला हा प्रसंग पोर्ट सईदच्या लढाईपेक्षा मोठा वाटतो. वसाहतीचं राज्य केवळ बंदुकीवर चालत नसतं, ‘ह्या लोकांना जमणार नाही, म्हणून आम्ही’ ह्या दाव्यावर चालतं, आणि तो दावा इथे उघड्यावर, रोजच्या रोज, मोजता येईल अशा पद्धतीने तपासला गेला आणि खोटा निघाला. रेडिओवर हे ऐकणाऱ्या केनियातल्या, अल्जेरियातल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग कारण तयार केलं

कालवा तुंबला नाही, लंडनच्या परिषदेतून काही निघालं नाही. 22 देश आले, 18 जणांनी आंतरराष्ट्रीय मंडळाची योजना मान्य केली, भारताच्या वतीने कृष्ण मेनन ह्यांनी वेगळा प्रस्ताव मांडला, सोव्हिएत, इंडोनेशिया आणि सिलोन भारताबरोबर राहिले. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस ती योजना घेऊन कैरोला गेले आणि हात हलवत परत आले.

मग 22 ते 24 ऑक्टोबरला पॅरिसजवळ सेव्र इथल्या एका बंगल्यात फ्रान्स, इस्रायल आणि ब्रिटनची माणसं गुपचूप भेटली. इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरिअन आणि त्यांचे मोशे दायान, शिमॉन पेरेस एका बाजूला, फ्रान्सचे पंतप्रधान मोले आणि त्यांचे मंत्री दुसऱ्या, आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड पहिल्या दिवशी. ठरलं असं की इस्रायल सिनाईत हल्ला करेल, मग ब्रिटन आणि फ्रान्स ‘दोघांनी कालव्यापासून 10 मैल मागे व्हा’ असा इशारा देतील, इजिप्त नाही म्हणेल, आणि मग कालव्याच्या रक्षणासाठी म्हणून हे दोघं उतरतील. शेवटच्या दिवशी कागदावर सह्या झाल्या. ईडनला ते कळल्यावर धक्काच बसला, कारण त्याला काही लेखी नको होतं. त्याने दोन अधिकारी परत पॅरिसला पाठवले, सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून सांगायला. फ्रेंचांनी नकार दिला. ब्रिटनची प्रत नष्ट झाली, इस्रायलची टिकली आणि 40 वर्षांनी जगापुढे आली.

पण कट लपला नाही, आणि तो फुटला साध्या वेळापत्रकावरून. 29 ऑक्टोबरला इस्रायलचे पॅराट्रूपर मितला खिंडीजवळ उतरले. 30 ला इशारा निघाला, कालव्यापासून 10 मैल मागे व्हा. इस्रायलचं मुख्य सैन्य तेव्हा कालव्यापासून कितीतरी दूर होतं, म्हणजे ‘मागे व्हा’ ऐकायचं तर त्यांना आधी पुढे यावं लागलं असतं, आणि इजिप्तला मात्र स्वतःच्याच देशात माघार घ्यायची. शिवाय सायप्रसला मोठ्या आरमाराला पुरेल असं बंदर नव्हतं, मोठा ताफा माल्टाहून निघणार आणि पोर्ट सईदला पोचायला सहा दिवस लागणार. अचानक झालेल्या भांडणात मध्यस्थी करायला निघालेलं आरमार इतकं तयार कसं, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये लगेच पडला. आणि सहा दिवस म्हणजे जगाला ओरडायला सहा दिवस.

ते सहा दिवस फार महाग पडले. 31 ला बॉम्बफेक सुरू झाली आणि नासरने कालव्यात जहाजं बुडवून तो बंद केला. म्हणजे ज्या कालव्याची वाहतूक वाचवायला निघालो म्हणून सांगितलं तो ह्या हल्ल्यानेच बंद पडला, तोवर एक दिवसही बंद नव्हता. 2 नोव्हेंबरला युनोच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव आला, बाजूने 64, विरोधात 5, म्हणजे हे तिघं आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ठराव कोणी आणला, तर अमेरिकेने. 3 तारखेला सीरियात इराकहून भूमध्य समुद्राकडे येणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनची पंपिंग स्टेशनं उडवली गेली. 4 ला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात सरकारविरुद्ध प्रचंड सभा झाली आणि त्याच दिवशी हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. हंगेरीवर बोलायचं तोंड पश्चिमेला राहिलं नाही, आणि ह्याचा राग अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्या मनात शेवटपर्यंत होता. ब्रिटिश आरमाराचा प्रमुख तेव्हा माउंटबॅटन होता, आपला शेवटचा व्हाइसरॉय. त्यानेही ईडनला पत्र लिहून ताफा परत फिरवा अशी विनंती केली. ईडनने ऐकलं नाही.

पौंडाची गोष्ट

आता 37 किलोमीटरच्या कोड्याकडे येतो. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिनने 5 तारखेला रॉकेटची धमकी दिली, आणि कैरोत बरीच वर्षं असंच मानलं गेलं की त्या धमकीने ब्रिटन घाबरलं. मला ते पटत नाही. लंडनला त्या धमकीत दम नाही हे माहीत होतं. थांबवलं ते पैशाने.

पौंडाचा भाव तेव्हा ठरवून बांधलेला होता, 1 पौंडाला 2.80 डॉलर. 1949 मध्ये एकदा तो 4.03 वरून एवढा खाली आणलेला. बांधलेला भाव टिकवायचा तर जो कोणी पौंड घेऊन येईल त्याला डॉलर किंवा सोनं द्यायची तयारी पाहिजे, आणि त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे साठा पाहिजे. अर्ध्या जगाने, म्हणजे भारत, मलाया, ऑस्ट्रेलिया, आखाती देश अशा सगळ्यांनी आपली परकीय गंगाजळी लंडनमध्ये पौंडात ठेवलेली होती. म्हणजे ब्रिटन ही एक मोठी पतपेढी होती, ठेवी भरपूर आणि हातात रोकड थोडी. पतपेढी बुडायला तोटा व्हावा लागत नाही, ठेवीदारांना शंका आली तरी पुरते. 200 कोटी डॉलरच्या खाली साठा गेला की शंका सुरू होईल असा लंडनचा स्वतःचाच अंदाज होता.

ह्या ठेवींमागची गोष्ट आपल्याकडे पोचते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल, माणसं, सेवा घेतल्या आणि बदल्यात लंडनमध्ये पौंडांची उधारी लिहून ठेवली. युद्ध संपलं तेव्हा भारताचं असं येणं जवळपास 130 कोटी पौंडांचं होतं. त्या वसुलीच्या वाटाघाटींमध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुख होते, 1944 च्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेलाही ते गेले होते. तेच सी. डी. देशमुख पुढे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला तोही ह्याच जुलै 1956 मध्ये. सांगायचा मुद्दा असा की ब्रिटन 1945 लाच कर्जदार झालेलं होतं आणि आपली वसाहतच त्याची सावकार होती. हे हिशोबाच्या वह्यांमध्ये 11 वर्षं लिहिलेलं होतं, पण पगडी, आरमार, साम्राज्याचा थाट सगळं तसंच असल्यामुळे कोणी त्या वहीकडे बघत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये साठ्यातून 5.7 कोटी डॉलर गेले, ऑक्टोबरमध्ये 8.4 कोटी, आणि नोव्हेंबरमध्ये 27.9 कोटी. ब्रिटनचा अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन हा हल्ल्याच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणाऱ्यांपैकी होता. 6 नोव्हेंबरला सकाळी तोच मंत्रिमंडळात येऊन सांगतो की एका आठवड्यात 10 कोटी पौंड गेले, आता थांबलंच पाहिजे. नंतर अभ्यासकांनी हिशोब तपासला तेव्हा त्या आठवड्याचं खरं नुकसान ह्याच्या साधारण एक तृतीयांश निघालं. चूक होती का मुद्दाम फुगवलं ह्यावर अजून वाद आहे. माझं मत असं की आकडा चुकला तरी दिशा बरोबर होती, कारण खरा मार पुढच्या तीन आठवड्यांत बसणारच होता.

बरं, अशा वेळी सुटकेचा रस्ता काय, तर आयएमएफ. तिथे ब्रिटनचा स्वतःचा हिस्सा होता, तो काढायचा. पण त्याला अमेरिकेची संमती लागते. अमेरिकेचे अर्थमंत्री जॉर्ज हम्फ्री ह्यांचं उत्तर स्पष्ट होतं, आधी युद्धबंदी, आणि युद्धबंदी झाल्यावर म्हणाले आता सैन्य पूर्ण बाहेर काढा, तारीख सांगा, तोवर एक डॉलर नाही. तेलाचंही तसंच. कालवा बंद, सीरियातली पाइपलाइन बंद, सौदीने ब्रिटन आणि फ्रान्सला तेल थांबवलेलं, मग तेल घ्यायचं अमेरिका खंडातून, आणि ते घ्यायला डॉलर लागतात, जे नाहीत. अमेरिकेकडे युरोपला तातडीने तेल पुरवायची योजना तयार होती, ती त्यांनी नोव्हेंबरच्या अगदी शेवटापर्यंत मुद्दाम सुरू केली नाही. तेल आणि पौंड हे दोन वेगळे दबाव नव्हतेच, एकाच नाडीची दोन टोकं होती आणि ती वॉशिंग्टनच्या हातात होती.

फ्रान्सशी तुलना केली की हे अजून स्पष्ट होतं. फ्रान्सची अर्थव्यवस्था काही फार भक्कम नव्हती, पण त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यात, हल्ल्याच्या दोन आठवडे आधी, आयएमएफकडून 26 कोटी डॉलरच्या आसपासची सोय मंजूर करून घेतली होती. मॅकमिलन सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आयझेनहॉवरला भेटून आला, आणि अमेरिका फार आडवी येणार नाही असं समजून परतला. पैशाची सोय त्याने केली नाही. म्हणून 6 तारखेला ईडनने मोलेला फोन करून थांबतोय सांगितलं तेव्हा फ्रान्सला अजून पुढे जायचं होतं, पण सैन्याची संयुक्त कमांड ब्रिटिशांकडे होती, एकट्याला जाता येईना.

आणि माघारीची तारीख? नोव्हेंबरचा साठ्याचा आकडा डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर करावा लागणार होता, तशी दर महिन्याची पद्धतच होती, आणि तो 200 कोटींच्या खाली, 196.5 कोटीवर आलेला. तो आकडा मदतीच्या घोषणेशिवाय जाहीर झाला असता तर पौंडाचा भाव तुटला असता. 3 डिसेंबरला लॉइडने संसदेत माघार जाहीर केली, 4 ला नोव्हेंबरचं नुकसान जाहीर झालं, 10 ला आयएमएफने 56.1 कोटी डॉलर लगेच आणि 73.8 कोटी राखून असे मंजूर केले, 22 ला शेवटचा ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक पोर्ट सईदहून गेला. ह्या तारखा एका ओळीत ठेवून बघितल्या की सैन्याच्या हालचाली कोण ठरवत होतं ते कळतं. मधल्या काळात पोर्ट सईदमध्ये शेकडो सामान्य माणसं मेली, घरं जळाली, हे त्या आकड्यांच्या चर्चेत फार कमी वेळा येतं आणि ते मला खटकतं.

पुढे

ईडन आजारी होता, नोव्हेंबरच्या शेवटी विश्रांतीला जमैकाला गेला. परत येऊन 20 डिसेंबरला संसदेत म्हणाला की इस्रायल हल्ला करणार हे आधी माहीत नव्हतं. ते खोटं होतं. 9 जानेवारी 1957 ला त्याने राजीनामा दिला आणि पंतप्रधान झाला मॅकमिलन. पोर्ट सईदमध्ये युनोची शांतिसेना आली, तिची कल्पना पुढे रेटणाऱ्या कॅनडाच्या पिअर्सनना शांततेचं नोबेल मिळालं, आणि त्या सेनेत भारतीय पलटण होती जी नंतर दहा वर्षं गाझा आणि सिनाईत राहिली.

बुडवलेली जहाजं युनोने काढली आणि एप्रिल 1957 मध्ये कालवा पुन्हा पूर्ण सुरू झाला, इजिप्तच्या प्राधिकरणाखाली. मे महिन्यात मॅकमिलनने ब्रिटिश जहाजमालकांना कालवा वापरायला मोकळीक दिली, आता टोल इजिप्तला. 1958 मध्ये जुन्या कंपनीच्या शेअरहोल्डरांशी 2.83 कोटी इजिप्शियन पौंडांवर तडजोड झाली आणि नासरने ती रक्कम ठरल्याप्रमाणे फेडली. म्हणजे भरपाई देऊन कंपनी घेणं, जे 26 जुलैला जाहीर केलं होतं, साधारण तेच झालं.

दोन्ही देशांनी धडे मात्र वेगवेगळे घेतले. ब्रिटनने ठरवलं की अमेरिकेला विचारल्याशिवाय असं परत करायचं नाही, 1957 मध्येच सक्तीची सैन्यभरती बंद करायचं जाहीर केलं, आणि त्यानंतर आफ्रिकेतून एकेक वसाहत सोडायचा वेग वाढला. घानाचं स्वातंत्र्य सुएझच्या आधीच ठरलेलं होतं, ते सुएझमुळे मिळालं असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही, पण केनिया, टांगानिका वगैरेंच्या बाबतीत घाई झाली त्यामागे सुएझ आहे असं मला वाटतं. फ्रान्सने उलटा निष्कर्ष काढला की ब्रिटन आणि अमेरिकेवर भरवसा ठेवायचा नाही, युरोपात आपली वेगळी जमवाजमव करायची, स्वतःचा अणुबॉम्ब करायचा. आणि अल्जेरियात ते 1962 पर्यंत लढत राहिले, तेव्हा सुएझने साम्राज्यं एका झटक्यात संपवली असं म्हणता येत नाही.

अमेरिकेनेही वसाहतवादाच्या विरोधात म्हणून हे केलं असं समजू नये. त्यांना अरब जगात सोव्हिएतांना जागा मिळू द्यायची नव्हती आणि निवडणुकीच्या आठवड्यात मित्रांनी फसवल्याचा राग होता. ह्याचा पुरावा गोव्यात मिळतो. 2 नोव्हेंबर 1956 च्या आमसभेत जे सहा देश तटस्थ राहिले त्यात पोर्तुगाल होता. पाच वर्षांनी डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेलं तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याने ब्रिटनला जुन्या मैत्रीकराराची आठवण करून दिली, आणि ब्रिटनने मदत करायला असमर्थता कळवली. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघांनीही भारताविरुद्ध मत दिलं, सोव्हिएतने व्हेटो वापरला. मत दिलं, पण जहाज कोणी पाठवलं नाही, आणि 19 डिसेंबरला गोव्यातल्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.